तीनशे-पाचशे

त्याला सगळे तांडेल म्हणत. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल, आणि त्याचा शब्द चाळीस वर्षं चालला होता. आता होडी किनाऱ्यावर पालथी पडली होती, तिच्या पोटाखाली एक कुत्री व्यायली होती, आणि शब्द चालायचा तो सुनेचा. त्याबद्दल तांडेलाची तक्रार नव्हती. त्याचे गुडघे गेले होते, मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागून सहा-सहा महिने घरी येत नव्हता. घर कुणीतरी चालवायला हवंच होतं. सून ते नीट चालवत होती. फक्त त्या चालवण्यात तांडेलाच्या वाट्याला जी कामं आली होती, त्यांच्याविषयी तो कुणाशी बोलत नसे.

पहिलं काम पहाटेचं. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी एक निळा पिंप होता. आदल्या संध्याकाळी शीतगृहातून दोन खोके आलेले असत. खोक्यात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली बर्फाची एक लादी, आणि लादीत डोक्याला शेपूट लावून दाबून बसवलेले मासे, सगळे एका मापाचे. ते कुठल्या समुद्रातले होते हे तांडेलाने कधी विचारलं नव्हतं. पिंपात पाणी भरायचं, ते समुद्राइतकं खारट करायचं, कारण गोड्या पाण्यात मांस सुटतं, आणि लादी आत सोडून वाट बघायची. घाई करून सुरी घातली की कातडी फाटते. पाऊण-एक तासाने लादी कडेने सैल व्हायची, मग एकेक मासा हातानेच सोडवायचा. बोटं बधिर होत. सोडवलेले मासे टोपलीत उलटसुलट टाकायचे, नीट रांगेत ठेवायचे नाहीत, कारण जाळ्यातून आलेले मासे रांगेत नसतात. वर मूठभर शेवाळ आणि बर्फाचा चुरा. खोके फाडून आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत. त्यांच्यावर छापलेलं असायचं, म्हणून ते रोजच्या रोज जळलेले बरे.

दुसरं काम मार्केटातलं. सुनेच्या ओट्याशेजारी स्टुलावर बसायचं, डोक्यावर जुनी लोकरी टोपी, पायात रबरी बूट. बस्स. गिऱ्हाईक यायचं, टोपलीकडे बघायचं, मग त्याच्याकडे. “आजोबा, आजचेच ना?” तांडेल माशांकडे बघायचा आणि मान हलवायचा. तोंडाने हो असं तो एकदाही म्हणाला नव्हता. उरलेलं सून बोलायची. “तांडेल स्वतः बसलेत समोर, आणखी काय पाहिजे तुम्हाला, समुद्र?” गिऱ्हाईक हसायचं आणि घ्यायचं. तांडेल स्वतःशी धरून चालला होता की तोंड मिटलेलं आहे तोवर खोटं बोलणारा तो नाही. चार वर्षं त्याने हा हिशेब मोडू दिला नव्हता.

तिसरं काम रोज नसे. एकदा सुटलेला मासा पुन्हा गोठवला की त्याचा चोथा होतो. म्हणून जे उरेल ते टाकायलाच लागायचं. मार्केटच्या कचराकुंडीत टाकता येत नव्हतं. तिथे मासे विकण्यात केस पांढरे झालेल्या बायका होत्या. एका मापाचे, एका चेहऱ्याचे दहा मासे एकत्र पडलेले दिसले असते तर त्यांना सांगायला लागलं नसतं. त्यातल्या निम्म्या जणी स्वतःही खोके आणत होत्या, पण ते वेगळं. आपल्या घरातलं उघडं पडू नये इतकंच प्रत्येकीला बघायचं होतं. तेव्हा उरलेले मासे बादलीत, बादलीवर ओलं पोतं, आणि तांडेल धक्क्याच्या टोकाला. ओहोटी लागली की पाणी बाहेर खेचतं. तेव्हा बादली उपडी करायची. समुद्राचं समुद्राला, असं त्याने पहिल्या वेळी मनात म्हटलं होतं. नंतर म्हणायचा नाही.

कॉलेजातली एक मुलगी वरच्या खोलीत भाड्याने राहायला येऊन वर्ष झालं होतं. मासे शिकायला आलेली होती. म्हणजे खाडीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यांत काय काय येतं याची नोंद करायची, त्यावर तिची पदवी. ती उठायची तोवर मागचा पिंप रिकामा झालेला असे. रोज सकाळी ती धक्क्यावर जाऊन फोटो काढायची, पट्टी लावून लांबी मोजायची, छोट्या काट्यावर वजन करायची. संध्याकाळी पडवीत लॅपटॉप उघडून तांडेलाजवळ बसायची. तिच्या तक्त्यात एक रकाना होता, ‘स्थानिक नाव’. तो तांडेल भरायचा. पुस्तकातली नावं तिला पाठ होती. पण कोवळ्या माशाला एक नाव आणि थोराडाला दुसरं, नर वेगळा आणि मादी वेगळी, हे पुस्तकात नव्हतं. बासष्ट नावं झाली होती. चार मासे त्याला ओळखता आले नाहीत, तिथे त्याने सरळ माहीत नाही म्हटलं आणि तिने तसंच लिहिलं.

दिवसातला तेवढाच तास त्याला तोंड उघडायला मोकळीक होती. सून आतून टोमणा मारायची की चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही, आता कॉलेजला शिकवतायत. पण चहा ती न सांगता दोघांनाही आणून ठेवायची.

गडबड झाली त्या दिवशी सुनेची दाढ ठणकत होती. ती मार्केटातून लवकर उठली, डझनभर मासे उरले. तांडेल बादली घेऊन धक्क्यावर गेला तेव्हा ओहोटी संपत आलेली होती. टोकाला पोचेपर्यंत बांधलेल्या होड्यांच्या दोऱ्या सैल पडल्या, आणि मग होड्या हळूहळू तोंडं फिरवायला लागल्या. भरती लागली होती. हे त्याला दिसलं. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मागून दोघे-चौघे गप्पा मारत धक्क्यावर चढत होते, आणि बादलीतून वास यायला लागला होता. सहा तास बादली घेऊन तो कुठे बसणार होता? त्याने ती उपडी केली आणि पोतं झटकत परत फिरला. चाळीस वर्षं तांडेल असलेल्या माणसाने भरतीच्या पाण्यात घाण टाकली होती.

पाण्याने आपलं काम केलं. खाडीच्या तोंडाशी शेजारच्या जाळेवाल्याचं जाळं खुंटांना बांधून उभं असायचं, तोंड प्रवाहाकडे, शेपटी पिशवीसारखी. पाणी जे आणेल ते त्या पिशवीत. दुपारी त्याने पिशवी सोडली तेव्हा कोळंबी आणि कचऱ्याबरोबर एक अनोळखी मासा निघाला. बाकीचे अकरा कुठे गेले ते खेकड्यांना माहीत. त्याने मुलीला हाक मारली. तिने तीन फोटो काढले, एक आडवा पूर्ण, एक डोक्याचा, एक शेपटीचा. लांबी-वजन घेतलं. मासा घरी आणून पायरीवर घमेल्यात ठेवला आणि औषधात बुडवून ठेवायची बरणी आणायला वर गेली. ती खाली येईपर्यंत मांजरीने घमेलं रिकामं केलं होतं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. सून गालावर हात दाबून म्हणाली की मांजरीला काय कळतंय शास्त्र, तिला मासा कळतो.

संध्याकाळी मुलीने पडवीत फोटो उघडला. तांडेलाला तो उघडायच्या आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं. निदान चेहरा तयार ठेवता आला असता. मासा त्याने लगेच ओळखला. जात ओळखली असं नव्हे, तोच एक मासा ओळखला. त्याची शेपूट काटकोनात मुडपलेली होती. लादीच्या कोपऱ्यात खोक्याच्या भिंतीला दाबून बसलेला, सगळ्यात शेवटी सुटलेला. पहाटे त्याच्याच बोटांनी सोडवलेला.

मुलगी म्हणाली, पुस्तकात हा इथल्या समुद्रातला म्हणून नाहीच. सरांना फोटो पाठवलेत. पण आजोबा, तुमच्यात याला काय म्हणतात?

माहीत नाही म्हणणं सोपं होतं. चार वेळा म्हटलं होतं, त्यात लाज नव्हती. पण माहीत नाही म्हटलं तर ती उद्या फोन हातात घेऊन मार्केटात फिरेल, ओट्याओट्यावर फोटो दाखवेल. तिसऱ्या ओट्यावरची म्हातारी फोटो हातात न घेता सांगेल की हा मासा तुझ्या घरमालकिणीच्या टोपलीत आहे की. नाव मिळालं तर ती विचारायची थांबेल.

“धुरकी,” तांडेल म्हणाला.

मुलीने लिहून घेतलं. असं नाव जगात नव्हतं. माशाचा रंग धुरासारखा होता म्हणून ते त्याच्या तोंडात आलं. खोट्याला उघडं ठेवता येत नाही, अंगावर काहीतरी घालायला लागतं. तिने विचारलं तसं त्याने घातलं. कधीतरीच येते. थंडी जास्त पडली की. माझ्या लहानपणी वडिलांच्या जाळ्यात दोनदा आलेली बघितली. मुलगी टाइप करत होती, आणि तिच्या बोटांना जितका वेळ लागत होता तितक्यात पुढचं वाक्य त्याला सुचत होतं. याचंच त्याला नंतर सगळ्यात जास्त नवल वाटलं. इतकं सहज सुचलं.

आठवड्याने सरांचं उत्तर आलं. मुलगी जिना धडधड उतरत खाली आली. हा मासा पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, थंड समुद्रात राहतो, असं तिने धापा टाकत सांगितलं. आपल्या किनाऱ्यावर आजवर कुणालाच मिळालेला नव्हता. म्हणजे समुद्र बदलतोय. किंवा हा मासा पूर्वीपासून येत होता आणि शिकलेल्या लोकांना पत्ता नव्हता. नुसता फोटो असता तर सरांनी इतकं मनावर घेतलं नसतं. पण मासा इथल्या म्हाताऱ्या तांडेलाने ओळखला, त्याला नाव आहे, म्हणजे ती साक्षच झाली. पुढच्या महिन्यात जाणकारांची सभा होती. तिथे हे ती स्वतः वाचणार होती. रविवारी सर येणार होते, तांडेलाच्या तोंडून सगळं रेकॉर्ड करून घ्यायला.

मग तिने तिथेच पडवीत उभं राहून आईला फोन लावला. आईचा आवाज बाहेर ऐकू येत होता. दोन वर्षं नातेवाईक विचारत होते की मुलगी माशांचे फोटो काढते म्हणजे नेमकं करते काय. आता सांगते एकेकाला, असं आई म्हणत होती. मुलगी हसत होती. तांडेल बूट शोधायला म्हणून जो वाकला तो बराच वेळ वर झालाच नाही.

शनिवारी दुपारी मुलगी बाहेर गेलेली असताना त्याने सुनेला सांगितलं. सून ओट्यावरचे चाकू दगडावर परजत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, चाकू थांबवला नाही.

“माहीत नाही म्हणायचं होतं. ते येत नव्हतं तोंडाला?”

“ती मार्केटात गेली असती.”

“मग आता आहे तेच पुढे चालवा. सर काय मासे विकतात?”

तांडेल म्हणाला की सर विकत नसतील, पण सभेला पन्नास माणसं असणार. त्यातल्या एकाने जरी कधी खोक्यातला मासा बघितला असेल तर शेपूट बघून तो हसेल. आणि हसतील ते तिला. मार्केटात एकदा कुजका माल ताजा म्हणून ओरडलेल्या बाईकडे लोक दहा वर्षं वाकड्या तोंडाने बघतात, हे तुला मी सांगायला नको.

सुनेने चाकूला बोट लावून धार बघितली. “आणि खरं सांगितलंत तर सोमवारी मी काय विकू, बाबा? तुमची टोपी?”

तिच्या जागी ती बरोबर होती. हे सुरू झालं तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं, आणि पहिला खोका आला त्या पहाटे पिंपात मीठ किती घालायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ते त्याने दाखवलं होतं.

सर सडपातळ आणि फार विनयाचे निघाले. चपला पायरीखाली काढल्या, तांडेलाला वाकून नमस्कार केला, चहाचा कप दोन्ही हातांनी घेतला. तांडेलाला माणूस उर्मट असता तर बरं वाटलं असतं. सरांनी काडेपेटीएवढं एक यंत्र मधल्या टेबलावर ठेवलं, लाल दिवा लागला. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

सरांनी विचारलं, धुरकी पहिल्यांदा बघितली तेव्हा वय काय होतं. तांडेल म्हणाला, सात-आठ. जाळं कुठलं? वडिलांचं. आपला आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला. महिना कुठला असेल, असं सरांनी विचारलं, आणि तो आठवतोय असं दाखवत असतानाच मुलगी मध्ये बोलली.

“थंडी जास्त पडली की येते, सर. आजोबांच्या वडिलांना दोनदा मिळाली होती. कधीतरीच येते म्हणून तर बाकीच्यांना नाव माहीत नाही.”

एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. त्याने जसं टाकलं होतं तसं तिने उचलून, धुऊन, जपून ठेवलं होतं. ‘म्हणून तर’पासून पुढचं तेवढं तिने स्वतःचं घातलं होतं. त्याच्या खोट्याला जिथे भोक होतं तिथे तिने स्वतःच्या हाताने ठिगळ लावलं होतं. आणि हे सांगताना ती त्याच्याकडे बघत होती, शाळेत बक्षीस घेणारं पोर बापाकडे बघतं तशी.

तांडेलाचे कान तापले. तो म्हणाला, फोटो मोठा कर.

तिने लॅपटॉप त्याच्यापुढे वळवला.

“वजन किती भरलं होतं ते सांगू नकोस,” तो म्हणाला. “साडेतीनशेच्या आसपास. तीनशेच्या खाली नाही आणि पाचशेच्या वर नाही.”

मुलीने तक्त्यात बघितलं. तीनशे चाळीस होतं. सर कौतुकाने हसले. फोटोवरून वजन सांगणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता.

“फोटोवरून नाही,” तांडेल म्हणाला, आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. बोटाचा डाग काचेवर उमटला. डोळा बघा. जाळ्यात मेलेल्या माशाचा डोळा मळकट होतो, लालसर होतो. हा उकडलेल्या अंड्यासारखा पार आतपर्यंत पांढरा आहे. हा बर्फात गोठून सुटलेला डोळा. जाळ्याच्या पिशवीत जिवंत शिरलेला मासा धडपडतो, खवले उडतात, तोंडात गाळ जातो. याचं तोंड धुतल्यासारखं, आणि खवले जिथल्या तिथे. इथे पोटावर खळगा दिसतोय? कशाच्या मापाचा आहे? दुसऱ्या माशाच्या डोक्याच्या. शेजारचा दाबून बसला होता. या बारीक रेघा कातडीवर, या प्लास्टिकच्या कागदाच्या चुण्या आहेत. पराच्या टोकाला पांढरं कोरडं पडलंय, ते हिमाने करपतं, खोका महिनोन्‌महिने शीतगृहात पडला की. आणि शेपूट. पाण्यात शेपूट अशी मुडपून मासा हातभरसुद्धा जाणार नाही. हा लादीच्या कोपऱ्यातला मासा आहे.

सर स्क्रीनवर वाकले. यंत्राचा दिवा लाल होता.

“खोक्यावर माप असतं,” तांडेल म्हणाला. “दोनशे-तीनशे, तीनशे-पाचशे, पाचशेच्या वरचा. ग्रॅम. मार्केटात आम्ही तेच नाव घेतो. हा तीनशे-पाचशे. दुसरं नाव मला माहीत नाही. धुरकी म्हणून काही नसतं.”

सरांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, की खोक्यातला मासा खाडीच्या जाळ्यात कसा गेला असेल.

“मी टाकला,” तांडेल म्हणाला. आणि एकदा सांगायचं तर उरलेलं पोटात ठेवून उपयोग नाही म्हणून पिंप, मीठ, शेवाळ, टोपी, स्टूल, बादली सगळं सांगितलं. भरती लागलेली दिसत असताना टाकला हेही सांगितलं. बाकीचं पोटासाठी होतं असं म्हणता आलं असतं. ते कशासाठीच नव्हतं.

सून चौकटीपासून निघून आत गेली. ती रागावून गेली असं सगळ्यांना वाटलं. पण चुलीजवळ काहीतरी खसखसलं आणि ती खोक्याचं एक फाडलेलं झाकण घेऊन बाहेर आली. एक कोपरा जळालेला होता. त्यावर वजनाचं माप होतं, दूरच्या कुठल्याशा बंदराचं नाव होतं, आणि खाली तिरप्या अक्षरात माशाचं शास्त्रातलं नाव. मुलीने ते वाचलं आणि झाकण सरांकडे दिलं. सरांनी पत्रात लिहिलं होतं तेच नाव होतं.

“नाव चार वर्षं आमच्या चुलीत जळतंय,” सून म्हणाली. “मला वाचता येत नाही ती लिपी. हे घ्या तुम्हाला पुराव्याला. फक्त आमचा ओटा त्यात घालू नका.”

सर म्हणाले, ओट्याचा काय संबंध, कुणाचाच उल्लेख होणार नाही. सभेला आजच कळवून टाकू की नोंद मागे घेतोय. पुढे मागे वेगळं लिहिता येईल, की टाकून दिलेला बाजारातला मासा जाळ्यात आला तर कसा ओळखायचा. ते खरं तर उपयोगाचं आहे, असं ते मुलीकडे बघून म्हणाले. ते चांगल्या मनाने बोलत होते. मुलीने मान हलवली, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती तक्त्यातल्या ओळी वर वर सरकवत होती, एकेक, पार पहिल्या ओळीपर्यंत.

“आजोबा,” ती म्हणाली, “बाकीची बासष्ट?”

तांडेलाला आधी कळलंच नाही. मग कळलं. गेलं वर्षभर पडवीत बसून सांगितलेलं, आईकडून ऐकलेलं, वडिलांनी पाठीत धपाटा घालून शिकवलेलं, कोवळ्याचं वेगळं, थोराडाचं वेगळं, ते सगळं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. आणि हे सांगायला त्याच्याकडे आता तोंड नव्हतं. मुलगी रागावली असती, रडली असती, वरची खोली सोडते म्हणाली असती, तर त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. ती नुसती वाट बघत होती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. बासष्ट नावं तिच्या पदवीत जाणार होती, त्यातली किती टिकतात हे तिला आज कळायला हवं होतं.

“खरी आहेत,” तो म्हणाला. ते त्याला स्वतःलाच पटेल असं वाटलं नाही.

मुलीने सरांना विचारलं, वेळ आहे का. सर म्हणाले, आहे. तिने नवीन रकाना केला. त्याला मथळा दिला, ‘कुणाकडून कळलं’. मग पहिला फोटो उघडला आणि लॅपटॉप पुन्हा तांडेलाकडे वळवला. यंत्राचा दिवा अजून लालच होता. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा सरांनी मुद्दाम केला नव्हता.

फोटोत बांगडा होता. साधा बांगडा. रांगतं पोरही ओळखेल असा. सुनेने जवळचं स्टूल ओढलं आणि ती दाराशी बसली. उठून आत जाण्यासारखी तिला शंभर कामं होती, पण ती बसली.

“बांगडा,” तांडेल म्हणाला. “आईने सांगितलं.”

मुलीने लिहिलं. तिची बोटं थांबली. वर्षभरात एकाही नावाला तिने जे विचारलं नव्हतं ते तिने मान वर न करता विचारलं.

“नक्की?”

“नक्की,” तो म्हणाला.

तिने पुढचा फोटो उघडला.